रात्री लावलेला चार्जर : लिथियम बॅटरीच्या आगीचा पन्नास वर्षांचा इतिहास

१/
सप्टेंबर २०२२. वसईतील एका घरात बैठकीच्या खोलीत इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती आणि माणसे झोपलेली होती. पहाटे बॅटरीचा स्फोट झाला. सात वर्षांचा एक मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या धुराने गुदमरून बाप आणि लेक गेले होते. एप्रिलमध्ये निजामाबादला मध्यरात्रीनंतर घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी पहाटे चारच्या सुमारास फुटली आणि ऐंशी वर्षांचे गृहस्थ दगावले. पुढच्या काही दिवसांत विजयवाड्यात शयनगृहातील बॅटरीने आणखी एक जीव घेतला.

२/
गावे वेगळी, गाड्या वेगळ्या, घरे वेगळी. मात्र वेळ जवळपास एकच आणि बॅटरीची अवस्थाही एकच : चार्जरला जोडलेली, भरत आलेली, आणि आसपास जागे कोणी नाही. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आजच्या धाग्यात या एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. आग चार्जिंगच्या वेळीच का लागते, मार बसलेला पॅक अधिक धोकादायक का ठरतो, आणि बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावण्याची आपली सवय मुळात आली कोठून? उत्तरासाठी आधी १९७० च्या दशकात जावे लागेल.

३/
त्या दशकात तेलसंकटाने हादरलेल्या एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीने ऊर्जेच्या इतर मार्गांवर संशोधन सुरू केले होते. तेथे स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा पुन्हा भरता येणारी लिथियमची बॅटरी तयार केली. एका बाजूला टायटॅनियम डायसल्फाइड, दुसऱ्या बाजूला शुद्ध लिथियम धातू. बॅटरी चालत होती, परंतु तिच्या आगी विझवण्यासाठी अग्निशमन दलाला प्रयोगशाळेत इतक्या वेळा यावे लागले की, लिथियमची आग विझवणाऱ्या खास रसायनांचा खर्च प्रयोगशाळेने द्यावा, अशी तंबी दलाने दिली. लिथियम बॅटरी आणि अग्निशमन दल यांची ओळख अशी बॅटरीच्या जन्मापासूनची आहे.

४/
या आगींचे कारण समजून घेतले, तर पुढचा सारा इतिहास उलगडतो. चार्ज करताना लिथियमचे आयन एका पट्टीकडून दुसरीकडे जातात आणि तेथे धातूच्या रूपाने पुन्हा बसतात. हा थर सपाट बसत नाही. त्यावर सूक्ष्म, टोकदार काटे उगवतात, त्यांना 'डेंड्राइट' म्हणतात. प्रत्येक चार्जिंगनंतर हे काटे थोडे वाढतात. दोन पट्ट्यांमध्ये प्लॅस्टिकचा अत्यंत पातळ पडदा असतो. काटा त्या पडद्यातून आरपार गेला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. भोवतीचा द्रव सेंद्रिय द्रावकांचा बनलेला असतो आणि तो ज्वलनशील असतो. काटे चार्जिंगच्या काळात वाढतात, ही नोंद येथेच करून ठेवू.

५/
प्रयोगशाळेतला हा दोष बाजारात आला, तो १९८९ मध्ये. कॅनडातील मोली एनर्जी या कंपनीने लिथियम धातूची पुनर्भारणक्षम बॅटरी विक्रीस आणली आणि ती जपानमध्ये मोबाइल फोनसाठी वापरली जाऊ लागली. त्या फोनना आग लागण्याच्या घटना घडल्या, बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या आणि कंपनी बुडाली. शुद्ध लिथियम धातू घरगुती वापराच्या बॅटरीत ठेवणे परवडणारे नाही, हा धडा साऱ्या उद्योगाने या घटनेपासून घेतला.

६/
पर्याय तोपर्यंत तयार होता. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी कोबाल्ट ऑक्साइडची पट्टी वापरून चार व्होल्टचा टप्पा गाठला होता. १९८५ मध्ये जपानच्या असाही कासेई कंपनीत अकिरा योशिनो यांनी लिथियम धातूची जागा कार्बनला दिली. आयन कार्बनच्या थरांमध्ये शिरून बसतात आणि धातू म्हणून साचत नाहीत. योशिनो यांनी दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांवर जड लोखंडी वजन टाकून पाहिले. शुद्ध लिथियमच्या बॅटरीचा भडका उडाला, कार्बनची बॅटरी शांत राहिली. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

७/
कार्बनच्या वापराने काट्यांचा प्रश्न सुटला का? बराचसा सुटला, पूर्णपणे नाही. कार्बनच्या थरांत जागा उरली नाही किंवा आयन शिरण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने लोटले गेले, तर ते पृष्ठभागावर धातू म्हणूनच साचू लागतात. असे तीन प्रसंगी घडते : सेल क्षमतेपलीकडे भरला गेला तर, फार जलद भरला गेला तर, आणि कडाक्याच्या थंडीत भरला गेला तर. म्हणजे १९७० च्या दशकातला तोच जुना दोष अटी घालून दाबलेला आहे. अट मोडली की तो पुन्हा डोके वर काढतो.

८/
अट कोणती? आपल्याकडच्या अनेक स्कूटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या सेलसाठी ती अशी : प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा. एका सेलवर स्कूटर चालत नाही. म्हणून अनेक सेल समांतर जोडून त्यांचा एक गट करतात आणि असे गट एकापुढे एक जोडतात. '४८ व्होल्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या पॅकमध्ये असे १३ गट असतात. १३ गुणिले ४.२ म्हणजे ५४.६ व्होल्ट. पॅकचा चार्जर याच आकड्यावर थांबण्यासाठी बनवलेला असतो.

९/
आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, गाडी एकदा आपटली आणि १३ गटांपैकी एका गटातले दोन-तीन सेल निकामी झाले. त्या गटाची साठवण कमी झाली. चार्जिंगच्या वेळी सर्व गटांतून सारखाच प्रवाह वाहतो, त्यामुळे अशक्त गट सर्वांत आधी भरतो. पण चार्जरला गट दिसत नाहीत, त्याला फक्त एकूण बेरीज दिसते. उरलेले १२ गट ४.१५ व्होल्टवर आले असतील, तर त्यांची बेरीज ४९.८ होते. चार्जर ५४.६ होईपर्यंत थांबणार नाही. मधला ४.८ व्होल्टचा सारा भार त्या एका जखमी गटावर पडतो. जो ४.२ च्या पुढे जाऊ नये, तो ४.८ पर्यंत ताणला जातो.

१०/
हे घडू नये म्हणून पॅकमध्ये एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी बसवलेला असतो : बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजेच बीएमएस. तो प्रत्येक गटाचे व्होल्टेज स्वतंत्रपणे मोजतो आणि एकाने जरी मर्यादा ओलांडली तरी चार्जिंग तोडतो. वरच्या उदाहरणात जागरूक बीएमएस असेल, तर गाडी 'पूर्ण चार्ज होत नाही' एवढीच तक्रार दिसेल. खरा धोका येथून पुढे सुरू होतो. गाडी वारंवार मध्येच बंद पडते म्हणून ग्राहक वैतागतो, पॅक स्वस्तात दुरुस्त करणाऱ्याकडे जातो आणि तेथे तो पहारेकरीच बाजूला करून थेट जोडणी दिली जाते. गाडी 'ठीक' होते. तिचा इशारा मात्र कायमचा बंद झालेला असतो.

११/
पुढे काय घडते, त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सेलचे तापमान साधारण ९० अंशांच्या आसपास गेले की कार्बनवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि सेल स्वतःच उष्णता निर्माण करतो. सुमारे १३० अंशांना मधला प्लॅस्टिकचा पडदा वितळू लागतो. त्याच्याही वर, २०० अंशांच्या सुमारास, धातूच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन बाहेर पडतो. ज्वलनशील द्रव, उष्णता आणि ऑक्सिजन असे आगीला लागणारे तिन्ही घटक आता बंद डब्याच्या आतच असतात. ही साखळी एकदा सुरू झाली की चार्जर काढून ती थांबत नाही. एक सेल शेजारच्या सेलला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला.

१२/
येथे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. चार्जिंगच्या वेळी तीन गोष्टी एकत्र येतात. बाहेरून ऊर्जा सतत आत येत असते, आतल्या दोषावर सर्वाधिक ताण पडत असतो, आणि सेल जितका भरलेला तितका त्याचा भडका मोठा होतो. ही शेवटची गोष्ट विमान वाहतुकीने नियमातच घातली आहे. एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय पातळीवर मनाई आहे, आणि मालवाहू विमानातही त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या चालत नाहीत. रात्री लावलेली स्कूटर पहाटे १०० टक्क्यांवर असते, म्हणजे तिचा भडका सर्वांत मोठा होईल अशा अवस्थेत.

१३/
दुसरा प्रश्न सवयीचा. रात्रभर चार्जिंगची रीत लिथियमच्या आधीची आहे. १८५९ मध्ये गॅस्टन प्लाँटे यांनी शोधलेली शिसे-आम्लाची बॅटरी आपल्या घरांत इन्व्हर्टरच्या रूपाने आली, रस्त्यावर ई-रिक्षांच्या रूपाने आली, आणि भारतातील पहिल्या पिढीच्या इलेक्ट्रिक स्कूटरही तिच्यावरच चालत. ही बॅटरी भरायला सात-आठ तास लागत, म्हणून रात्री लावून सकाळी काढणे हेच सोयीचे होते. शिवाय तिला अतिभाराची एक वाट होती. जास्त वीज मिळाली तर ती पाण्याचे विघटन करून वायू सोडी. म्हणूनच इन्व्हर्टरच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकावे लागते.

१४/
लिथियम सेलला ही वाट नाही. तो बंद असतो, त्यात पाणी नसते, आणि जादा ऊर्जा निरुपद्रवीपणे बाहेर टाकण्याची कोणतीही सोय त्याच्या रसायनात नाही. बॅटरी बदलली, सवय मात्र तीच राहिली. कधी कधी चार्जरही तोच राहिला. शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांसाठीचा '४८ व्होल्ट'चा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो. लिथियमच्या '४८ व्होल्ट' पॅकची मर्यादा ५४.६ आहे. दोन्ही चार्जरवर ४८ हाच आकडा, कधी कधी प्लगही सारखाच. चुकीचा चार्जर लावला, तर प्रत्येक गटावर सुमारे ४.५ व्होल्ट येतात आणि सारी भिस्त एकट्या बीएमएसवर राहते.

१५/
हा बदल भारतात किती वेगाने झाला, हेही पाहायला हवे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या केंद्राच्या फेम-२ योजनेत अनुदान केवळ प्रगत बॅटऱ्यांच्या वाहनांना होते, शिसे-आम्लाला नव्हते. जून २०२१ मध्ये दुचाकींचे अनुदान प्रति किलोवॅट-तास १०,००० रुपयांवरून १५,००० रुपये झाले. पेट्रोलने शंभरी ओलांडलेली होती. विक्री एकदम वाढली. तयार सेल आयात करून त्यांचे पॅक येथे जोडण्याचा धंदाही वाढला. भारतीय उन्हाळा, खड्डे आणि पावसाचे तुंबलेले पाणी यांची पुरेशी परीक्षा न दिलेल्या गाड्या रस्त्यावर आल्या, आणि २०२२ चा उन्हाळा सुरू झाला.

१६/
त्या उन्हाळ्यात आगी महाराष्ट्रातही दिसल्या. २६ मार्चला पुण्यात लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये स्कूटर वाहून नेणाऱ्या कंटेनरला आग लागली आणि ४० पैकी २० गाड्या जळाल्या. या गाड्या चार्जिंगला नव्हत्या. बाहेरून काही न करताही आतल्या दोषाने पॅक पेटू शकतो, हे त्यातून दिसते. पण या दोन्ही घटनांत जीवितहानी झाली नाही, कारण आग मोकळ्यावर लागली. सुरुवातीला सांगितलेल्या चारही घटनांत ती घरात लागली. जागेचा फरक हा असा जीव वाचण्या-जाण्याचा फरक ठरला.

१७/
१२ सप्टेंबरला सिकंदराबादेत हाच मुद्दा अधिक भयानक रीतीने पुढे आला. एका हॉटेलच्या इमारतीत खालच्या बाजूस इलेक्ट्रिक स्कूटरचे विक्रीदालन होते. तेथे लागलेल्या आगीचा धूर जिन्यातून वर चढला आणि वरच्या मजल्यांवर राहिलेल्या आठ जणांचा बळी गेला. जिना हीच त्यांची बाहेर पडण्याची वाट होती. मुंबई-पुण्याच्या किती जुन्या इमारतींत आज स्कूटर जिन्याखालीच उभ्या असतात आणि तेथेच चार्ज होतात, याचा विचार प्रत्येक सोसायटीने करायला हवा. पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला सोसायटी नकार देते, मग लोक बॅटरी काढून चौथ्या मजल्यावर नेतात आणि दाराशी चार्जिंगला लावतात.

१८/
शासनाने तज्ज्ञ समिती नेमली आणि एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या झाल्या. पुण्याची एआरएआय ही संस्था या मानकांच्या कामाशी जोडलेली आहे. नवे नियम दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले. त्यांचा गाभा सोपा आहे. एक सेल मुद्दाम पेटवला तरी आग पूर्ण पॅकमध्ये पसरू नये. पॅकमध्ये तापमान मोजणारे अनेक सेन्सर असावेत. आत बिघाड होताच आवाज आणि दिवा यांनी चालकाला इशारा मिळावा. पाणी आत शिरू नये. बॅटरीने मर्यादा गाठली की चार्जरने स्वतःहून थांबावे.

१९/
या नियमांची मर्यादा इतिहासाच्या विद्यार्थ्याला चटकन दिसते : ते मागे जाऊन लागू होत नाहीत. २०२१-२२ मध्ये विकलेल्या गाड्या आजही वापरात आहेत, जुन्या बाजारात हात बदलत आहेत, आणि त्यांचे पॅक आता थकलेले आहेत. ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या आणि २५० वॉटपर्यंतच्या मोटरच्या गाड्यांना तर नोंदणीच लागत नाही. जुना पॅक उघडून त्यात वेगवेगळ्या वयाचे सेल जोडणाऱ्या दुकानावर कोणतेही मानक पोहोचत नाही. म्हणून उरलेले काम वापरणाऱ्याच्या नजरेवर येते.

२०/
मग बिघडलेला पॅक ओळखायचा कसा? डब्याला फुगवटा किंवा पोचा. नेलपॉलिश किंवा थिनरसारखा गोडसर उग्र वास. गाडी उभी असताना किंवा चार्जिंगला नसतानाही कोमट लागणारा पॅक. चाळीस टक्के दाखवून एकाएकी बंद पडणारी गाडी. नेहमीपेक्षा फार लवकर भरणारी किंवा शंभरपर्यंत कधीच न पोहोचणारी बॅटरी. यांतले एकही लक्षण दिसले, तर चार्जिंग बंद, पॅक घराबाहेर मोकळ्यावर, आणि कंपनीच्या अधिकृत केंद्राला फोन. आपटल्यानंतर दोन दिवस काही झाले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. दबलेल्या सेलमधले शॉर्ट तासांनी किंवा दिवसांनीही होऊ शकते.

२१/
दोन प्रसंग विशेष फसवे आहेत. पहिला पुराचा. पॅक पाण्यात बुडाला असेल, तर वाळवून पुन्हा लावू नये. पाणी आटते, क्षार मागे राहतात आणि जोडण्या कुरतडत राहतात. २०२२ मध्ये इयन चक्रीवादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक मोटारी पाणी ओसरल्यावर काही दिवसांनी पेटल्या होत्या. दुसरा प्रसंग महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या गाडीचा. पॅक पार उतरला की सेलमधले तांबे द्रवात विरघळू लागते आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तेथे जमून शॉर्टची वाट तयार करते. गावाहून परतल्यावर पूर्ण मेलेली स्कूटर रात्रभर लावून ठेवणे, हे म्हणूनच सर्वांत वाईट.

२२/
चार्जिंगच्या सवयी आता कारणांसह सांगता येतात. घरी आल्यावर पाऊण-एक तास पॅक थंड होऊ द्यावा, कारण साखळीची पहिली पायरी तापमानाची आहे. गाडीबरोबर आलेलाच चार्जर वापरावा, कारण बाहेरचा ४८ हा आकडा आतले काही सांगत नाही. अर्थिंग असलेल्या पक्क्या सॉकेटला लावावा, एक्स्टेंशन बोर्डला नको. रोज ८० टक्क्यांवर थांबल्यास ताणही कमी आणि भडक्याची ताकदही कमी. महिन्यातून एखाद्या वेळी, किंवा कंपनीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा, पूर्ण भरावी म्हणजे बीएमएसला सर्व गट बरोबरीला आणता येतात. आणि हे सारे जागेपणी करावे : संध्याकाळी सात ते दहा, पहाटे दोन ते पाच नव्हे.

२३/
जागा निवडताना एकच प्रश्न विचारावा : हा पॅक आत्ता पेटला, तर मी कोणत्या वाटेने बाहेर जाईन? ती वाट पॅकच्या पलीकडे असेल तर जागा चुकली. दाराजवळ, जिन्याखाली, पलंगाशेजारी, सोफ्यावर किंवा गादीवर चार्जिंग नको. पार्किंग किंवा अंगण उत्तम. घरातच करावे लागले तर मोकळ्या फरशीवर, पडदे-कपड्यांपासून दूर, बाहेर पडण्याच्या वाटेपासून बाजूला. जेथे माणसे झोपतात त्या खोलीत कधीही नाही. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी तुलनेने शांत असते आणि तिला पेटायला अधिक उष्णता लागते, पण तिच्यातूनही ज्वलनशील वायू निघतो, त्यामुळे जागेचा नियम तिलाही लागू.

२४/
शेवटी, सुरू झालीच तर काय करावे? आधी फुसफुस किंवा टिचल्यासारखा आवाज येतो, मग पांढरा दाट धूर. तो वाफेसारखा दिसतो, पण विषारी असतो आणि स्वतःही पेट घेतो. पॅक उचलून बाहेर फेकण्याचा मोह आवरावा, कारण भडक्याआधी हातात काही क्षणच असतात. सर्वांना उठवून बाहेर काढावे, खोलीचे दार ओढून घ्यावे, बाहेर पडताना सहज हाताशी असेल तर मेन स्विच बंद करावा, आणि १०१ किंवा ११२ ला फोन करून 'लिथियम बॅटरी' हे शब्द सांगावेत. लहान अग्निशामक नळकांड्याने ज्वाळा बसतात, आतली उष्णता उरते. पॅक थंड करायला भरपूर पाणी लागते, आणि विझलेला पॅक काही तासांनी पुन्हा पेटू शकतो.

२५/
एक्सॉनच्या प्रयोगशाळेत आग लागली तेव्हा विझवणारे जागे होते. मोलीच्या फोननंतर कंपनीने माल परत मागवला. २०२२ नंतर मानक बदलले. पण तुमच्या पार्किंगमधली २०२१ ची स्कूटर यांपैकी कोणत्याही दुरुस्तीच्या कक्षेत आलेली नसेल. आज संध्याकाळी तीन गोष्टी तपासा : चार्जर गाडीचाच आहे ना, पॅकला पोचा किंवा फुगवटा नाही ना, आणि चार्जिंगची जागा बाहेरच्या वाटेवर नाही ना. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत पार्किंगमधल्या स्वतंत्र पॉइंटचा विषयही घ्या. बॅटऱ्या चौथ्या मजल्यावर न्याव्या लागू नयेत, याचा सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे.